धागा: एकाच ऑर्डरमुळे झालेलं रिजेक्शन कुठे टाकायचं, जॉबवर की ओव्हरहेडमध्ये?

लेजरवाला

भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपचे हिशोब बघतो. एका जॉबवरून मालक आणि मी दोघंही अडून बसलो आहोत, म्हणून इथे विचारतो.

ऑर्डर ४०० शाफ्टची आहे. ईएन-८, २८ मिमी व्यास, लांबी साधारण ४१४ मिमी, तयार वजन २ किलो. ४४० पीस लावले, ४०० पास झाले, ४० गेले. चाळीसही पीस ग्राइंडिंगनंतरच्या फायनल इन्स्पेक्शनला अडकले, म्हणजे सगळ्यांवर पूर्ण खर्च झालेला होता. पीसमागे मटेरियल २२०, मजुरी ८० आणि ओव्हरहेड २०० मिळून ५०० रुपये होतात. भंगारात एका पीसचे ६० रुपये येतात.

मालक म्हणतात, सगळं जॉबवर टाका, म्हणजे रिपीट ऑर्डरला पार्टीकडून भाव वाढवून मागता येईल. तसं केलं तर २,२०,००० मधून भंगाराचे २,४०० वजा जाऊन पीस ५४४ ला पडतो. आधीचे अकाउंटंट सगळं रिजेक्शन ओव्हरहेडमध्ये टाकायचे. त्या पद्धतीने पीस ५०० चा ५०० च राहतो. रिपीटचं कोटेशन आठवड्याभरात द्यायचंय. दोघांतलं बरोबर काय?

सरळहिशोबी

यात विचार कसला करायचा? जॉब कार्डावर जे झालं ते जॉबचं. पीस त्या जॉबचा, बार त्या जॉबचा, मशीनचे तासही त्या जॉबचे. ओव्हरहेडमध्ये ढकललं की एका पार्टीचं पाप बाकीच्या दहा पार्ट्यांच्या माथी मारल्यासारखं होतं. ५४४ बरोबर आहे, मालकांचं ऐका.

फुकटसल्ला

मालकांचं ऐका हा सल्ला कुठल्याही धाग्यावर चालतो. :)

खर्चपत्रक

सरळहिशोबी, तुमचं निम्मं बरोबर आहे. पार्टीच्या मागणीमुळे गेलेला पीस इतरांवर टाकू नये, हे मान्य. पण जॉब कार्डावर नोंद झाली एवढ्यावरून ते रिजेक्शन जॉबमुळे झालं असं ठरत नाही. लाइट गेली आणि चक्कमधला पीस खराब झाला, तर तो त्या दिवशी ज्याचा जॉब चालू होता त्याच्या कार्डावर चढतो. त्यात त्या पार्टीचा काय संबंध?

लेजरवाला, चाळीसचा एक ढीग करून निर्णय होणार नाही. आधी कारणं फोडा. प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारा: त्याच दिवशी, त्याच मशीनवर दुसऱ्या पार्टीचा नेहमीचा माल असता, तर हा पीस गेला असता का? गेला असता आणि नेहमीच थोडेफार जात असतील, तर तो ओव्हरहेडमध्ये. गेला नसता, या ऑर्डरच्या अटींमुळेच गेला, तर जॉबवर. आणि जो कुठल्याच जॉबवर जायला नको होता, तो थेट नफा-तोट्यात.

रिजेक्शन नोट भरता का? त्यावर कारण लिहिलेलं असतं का?

लेजरवाला

भरतो. पण निम्म्या नोटांवर नुसतं "साइज आउट" लिहिलंय. सुपरवायझरला बसवून लाल बिनमधले पीस पुन्हा मोजून घेतले. विभागणी अशी आली:

१० पीस ग्राइंडिंगच्या सेटिंगमध्ये गेले. टेपर काढेपर्यंत एवढे जातातच, असं त्याचं म्हणणं.
८ पीस जळाले. रात्रपाळीत कूलंटचा पंप बंद पडला होता, तरी मशीन चालू ठेवलं.
२२ पीस अंडरसाइज. या पार्टीने व्यासाला एच-५ मागितलंय. आमचं नेहमीचं काम एच-७ चं असतं.

मायक्रॉन

२८ मिमीला एच-७ म्हणजे २१ मायक्रॉनची जागा. एच-५ ला फक्त ९ उरतात. साध्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवर ४१४ मिमी लांब शाफ्ट ९ मायक्रॉनमध्ये ठेवायचा, म्हणजे टेपरलाच दोन-तीन मायक्रॉन जाणार. २२ गेले याचं नवल नाही. ४०० पास झाले याचं आहे.

खर्चपत्रक

मग नोंदी अशा होतील.

सेटिंगचे १० सगळ्या जॉबवर जातात. त्यांचे ५,००० जॉबमधून बाहेर काढा. ६०० भंगाराच्या साठ्यात, उरलेले ४,४०० ओव्हरहेड खात्यात.

जळालेल्या ८ पीसचे ४,००० सुद्धा जॉबमधून बाहेर. ४८० भंगारात, ३,५२० असामान्य तोटा म्हणून नफा-तोट्यात. हे साठ्याच्या किमतीत धरायचंच नाही. लेखामानक २ सुद्धा असामान्य नासाडी मालाच्या किमतीत घेऊ देत नाही.

अंडरसाइज २२ पीसचा खर्च मात्र जॉबमध्येच राहू द्या. त्यातून फक्त भंगाराचे १,३२० वजा करा.

म्हणजे २,२०,००० − ५,००० − ४,००० − १,३२० = २,०९,६८०. भागिले ४००, पीस ५२४.२०. मालकांचे ५४४ नाहीत आणि जुन्या अकाउंटंटचे ५०० पण नाहीत.

सरळहिशोबी

सेटिंगचे १० बाहेर का काढायचे? सेटिंग या जॉबसाठीच केलं ना?

खर्चपत्रक

कारण त्याचे पैसे जॉबने आधीच भरलेत. तुमच्या २०० रुपयांच्या ओव्हरहेडमध्ये वर्षभराच्या नेहमीच्या रिजेक्शनची तरतूद धरलेली असणार. ती धरून पुन्हा दहा पीस जॉबमध्ये ठेवले, तर एकच खर्च दोनदा लागला.

लेजरवाला, ओव्हरहेडचा दर कसा काढलाय ते सांगाल? मला तिथेच शंका आहे.

हिशोबीबाई

मध्येच विचारते, माफ करा. आमचं थोडं वेगळं आहे. चाकणची पार्टी बार स्वतः पाठवते, आम्ही फक्त मशीनिंग करतो. पीस गेला की ते मटेरियलची डेबिट नोट काढतात. ती पण जॉबवरच टाकायची ना? आणि भंगार कोणाचं?

खर्चपत्रक

हिशोबीबाई, तुमच्या पुस्तकात मटेरियलचा खर्चच नसतो, त्यामुळे पीस गेला की तुमची फक्त मजुरी आणि ओव्हरहेड जातं. वर डेबिट नोट. तिची विभागणीही कारणानुसारच करायची. ऑर्डरवर बहुतेक वेळा मान्य रिजेक्शनचा टक्का लिहिलेला असतो, डेबिट त्याच्या वरच्या पीसना येतं. ते पीस पार्टीच्या अटींमुळे गेले असतील तर डेबिट जॉबवर. तुमचा पंप बंद पडून गेले असतील तर तोट्यात.

भंगार कोणाचं ते ऑर्डरच्या अटींवरून ठरतं. जॉबवर्करकडे नोंदणी असेल तर जीएसटीच्या कलम १४३(५) प्रमाणे तो स्वतःच्या जागेवरून कर भरून भंगार विकू शकतो. पण विकता येतं म्हणजे पैसे आपलेच, असं नाही. अट वाचा. भंगार तुम्ही ठेवायचं असं ठरवून मजुरीचा दर त्या हिशोबाने कमी लावला असेल, तर भंगाराचे पैसे जॉबला जमा करायला हवेत. एरवी तो जॉब विनाकारण तोट्यात दिसेल.

फुकटसल्ला

आमच्याकडे भंगार कोणाचं हे वॉचमन ठरवतो.

जुनीवही

सेटिंग पीसच्या मुद्द्यावर खर्चपत्रक यांच्याशी माझं पटत नाही.

सेटिंगमध्ये जाणारे पीस प्रत्येक बॅचला ठरलेले असतात. ४०० ची बॅच लावा नाहीतर ५० ची, टेपर काढायला दहा जाणारच. पण ओव्हरहेड तुम्ही मशीनच्या तासावर लावता. मग ५० च्या ऑर्डरला सेटिंगचा वाटा किती येतो? मोठ्या ऑर्डरच्या मानाने नगण्य. प्रत्यक्षात त्या ५० पीसवर ४,४०० रुपयांचं सेटिंग रिजेक्शन झालं, म्हणजे पीसमागे ८८ रुपये. ते भरतो कोण? ४०० वाला भरतो. छोट्या ऑर्डरी स्वस्त दिसतात, मोठ्या महाग. मग दुकानात छोट्याच ऑर्डरी गोळा होतात आणि दिवसभर सेटिंगच चालू राहतं.

माझ्या मते सेटिंग पीस हे सगळीकडे होणारं नेहमीचंच नुकसान आहे, पण ते ज्या बॅचमुळे झालं त्याच बॅचवर टाकावं.

खर्चपत्रक

मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण मग ओव्हरहेडच्या तरतुदीतून सेटिंगचा भाग पूर्ण काढावा लागेल आणि प्रत्येक जॉब कार्डावर सेटिंग पीस वेगळे मोजावे लागतील. जिथे अर्ध्या नोटांवर "साइज आउट" लिहिलंय, तिथे हे जमेल?

जुनीवही

न जमायला काय झालं? सेटिंग पीसना हिरवा टॅग लावा, लाल बिनमध्ये टाकूच नका. आणि चांगल्या मालावर सेटिंग करताच कशाला? आधीच्या जॉबचे रिजेक्ट शाफ्ट ठेवा, टेपर त्यांच्यावर काढा. व्यास थोडा कमी असला तरी टेपर दिसायला काय अडचण? दहाचे दोन होतील.

मायक्रॉन

टेपर दिसेल, साइज नाही. शेवटचे दोन-तीन पीस चांगलेच लागतात. पण दहा फार होतात, हे खरं.

आता मूळ २२ कडे येतो, कारण मला त्यांच्याबद्दलही शंका आहे. लेजरवाला, हे पीस मशीनवर मोजले तेव्हा पास होते का? म्हणजे ऑपरेटरच्या मापात बरोबर आणि इन्स्पेक्शनला अंडरसाइज, असं झालंय का?

लेजरवाला

तुम्हाला कसं कळलं? ऑपरेटरचं भांडणच ते आहे. त्याच्या मायक्रोमीटरवर सगळे पास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शनमध्ये २२ खाली गेले. मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून आणला, बरोबर निघाला.

मायक्रॉन

मायक्रोमीटरचा दोष नाही. पीस गरम होता.

पोलाद दर अंशाला, दर मीटरला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २८ मिमी व्यासाचा पीस खोलीपेक्षा १० अंश गरम असेल तर व्यास ३ मायक्रॉनच्या वर मोठा दिसतो. ऑपरेटर गरम पीस साइजला आणतो, रात्री तो थंड होतो आणि सकाळी ३ मायक्रॉन खाली सापडतो. एच-७ च्या २१ मध्ये हे ३ कोणाच्या लक्षातही येत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आजवर कधी भांडण झालं नाही. एच-५ च्या ९ मध्ये तो तिसरा हिस्सा आहे.

ओळखायचं कसं? गेलेल्या २२ पैकी कोण किती खाली आहे ते लिहा. सगळे १ ते ३ मायक्रॉनच खाली असतील आणि पाळीच्या सुरुवातीचे कमी, नंतरचे जास्त असतील, तर उष्णताच. कोणी दोन, कोणी पंधरा असे विखुरलेले असतील तर व्हीलचं ड्रेसिंग किंवा फीड बघा.

लेजरवाला

बघितलं. २२ पैकी २० पीस १ ते ३ मायक्रॉन खाली आहेत. उरलेले दोन ६ आणि ११. पाळीतला क्रम कोणी लिहिलेला नाही.

सरळहिशोबी

मग तर हा ऑपरेटरचा निष्काळजीपणा! असामान्य तोटा. पार्टीचा संबंधच नाही. जॉबवरून काढा ते २२.

फुकटसल्ला

सरळहिशोबी सकाळी सगळं जॉबवर टाकत होते, संध्याकाळी सगळं काढताहेत. सरळ आहेत खरे, फक्त दोन्ही दिशांना.

सरळहिशोबी

माहिती बदलली की मत बदलतं हो. तुमच्यासारखं नाही, मतच नाही म्हणून बदलायची गरज नाही.

खर्चपत्रक

हा खरा अवघड प्रश्न आहे आणि मायक्रॉन यांनी तो नेमका पकडलाय.

माझं म्हणणं असं. प्रोसेस शीटवर "मोजण्याआधी पीस वीस मिनिटं ट्रेमध्ये ठेवा" असं लिहिलेलं होतं आणि तरी कोणी गरम मोजला, तर ते असामान्य. पण तुमच्या शीटवर तसं काही नसणार, कारण एच-७ ला त्याची गरजच पडली नव्हती. मग ही गरज आणली कोणी? या ऑर्डरच्या टॉलरन्सने. नेहमीचा माल असता तर हेच २० पीस पास झाले असते. म्हणून या वेळी ते जॉबवरच राहतील.

रिपीट ऑर्डरला मात्र ही सवलत नाही. कारण कळल्यावरही पीस गरमच मोजले, तर त्या वेळचे २० असामान्य धरायचे. तीच चूक, तेच मशीन, तीच पार्टी, तरी खातं वेगळं.

मायक्रॉन

११ मायक्रॉन खाली गेलेला एक तरी नक्की ऑपरेटरचा आहे. एवढा कोणी गरम पीस मोजत नाही, हाताला चटका बसेल.

जुनीवही

टक्क्याने बघा ना. कोटेशन करताना या टॉलरन्ससाठी किती रिजेक्शन धरलं होतं?

लेजरवाला

५ टक्के धरले होते. ४४० चे ५ टक्के बरोबर २२ होतात, म्हणून मी म्हटलं की हे ठरल्याप्रमाणेच आहे.

जुनीवही

४४० वर कसे घेता? त्या ४४० मध्ये जळालेले आठही आहेत. उद्या पंप पुन्हा बंद पडला आणि ४० जळाले, तर तुम्ही ४८० पीस लावणार आणि तुमचं चालणारं रिजेक्शन २४ होणार. म्हणजे जेवढा जास्त गोंधळ, तेवढी जास्त सूट. टक्का पास झालेल्या मालावर घ्यायचा. ४०० चे ५ टक्के म्हणजे २०. वरचे २ असामान्य.

आणि बघा, उष्णतेत न बसणारे पीसही दोनच निघाले.

खर्चपत्रक

पाया चांगल्या मालाचाच घ्यायचा, यात शंका नाही. पण २० आणि २२ मध्ये मी भांडणार नाही. दोन पीस म्हणजे भंगार जाऊन ८८० रुपये. दोन लाखांच्या जॉबमध्ये चालणारं रिजेक्शन हा एक पट्टा असतो, रेघ नसते.

जुनीवही

पट्टा म्हटला की तो दर वर्षी एक-एक पीस रुंद होतो. मी रेघच ओढेन.

हिशोबीबाई

लेजरवाला, तुम्ही फक्त गेलेले पीस सांगितले. रिवर्क काहीच नव्हतं? एच-५ वर ऑपरेटर अंडरसाइजच्या भीतीने पीस वर ठेवतात आणि मग ते परत येतात. आमच्याकडे गेलेल्यांपेक्षा परत आलेल्यांचीच संख्या जास्त असते.

लेजरवाला

होतं. ३० पीस ओव्हरसाइज आले, पुन्हा ग्राइंड केले. पीसमागे ४५ रुपये लागले असतील. ते धरायचं राहूनच गेलं, कारण शेवटी पास झाले ना.

खर्चपत्रक

पास झाले म्हणूनच ते सुटतात. गेलेला पीस लाल बिनमध्ये दिसतो, रिवर्कचा पीस चांगल्या मालात मिसळून जातो. १,३५० रुपये जॉबवर घ्या, कारण तेही एच-५ मुळेच. मूळ ५०० ला हात लावू नका, फक्त वरचा खर्च घ्या. आणि तो मशीनचा वेळ आत्ता कुठे बसलाय बघा. मशीन बंद पडल्याच्या तासांमध्ये घुसवला असेल, बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

मायक्रॉन

अंडरसाइजही वाचवता येतात कधीकधी. हार्ड क्रोम चढवून पुन्हा ग्राइंड करतात. पण ड्रॉइंगमध्ये प्लेटिंग नाही, पार्टीची लेखी परवानगी लागेल. आणि निर्णय घेताना गेलेले ५०० मध्ये आणू नका, ते कुठल्याही बाजूने परत येत नाहीत. प्लेटिंग आणि ग्राइंडिंगचा मिळून खर्च एकीकडे, नवा पीस करायला हातातून जाणारे पैसे वजा भंगाराचे ६० दुसरीकडे, एवढंच बघा.

लेजरवाला

परवानगी मागितली होती, नाही म्हणाले.

खर्चपत्रक, तुम्ही विचारलेला ओव्हरहेडचा दर. वर्षाचं ओव्हरहेड ६० लाख, मशीनचे तास १५,०००, तासाला ४००. शाफ्टला अर्धा तास लागतो, म्हणून २००. त्या ६० लाखांत रिजेक्शनचे ३ लाख ६० हजार धरलेत. गेल्या वर्षीच्या भंगार रजिस्टरमधला निव्वळ तोटा तसाच उचलला होता. आत्ता उघडून बघितलं तर त्यातलं साधारण निम्मं दोन-तीन पार्ट्यांच्या टाइट टॉलरन्सच्या कामांचं आहे. ही पार्टी त्यातलीच.

खर्चपत्रक

हीच शंका होती. गेल्या वर्षी सगळं रिजेक्शन ओव्हरहेडमध्ये जायचं, म्हणून दरात सगळंच आलं. आता तुम्ही ऑर्डरमुळे झालेलं जॉबवर टाकायला लागलात, पण दर जुनाच ठेवलात. म्हणजे टाइट टॉलरन्सचा खर्च या जॉबला दोनदा लागतोय, आणि ज्यांनी एच-७ चा साधा माल घेतला त्यांनाही थोडा लागतोय.

१ लाख ८० हजार काढा. ५८ लाख २० हजार भागिले १५,००० म्हणजे तासाला ३८८, शाफ्टला १९४. पीस ५०० चा ४९४ झाला. आता पुन्हा मांडा:

४४० × ४९४ = २,१७,३६०
सेटिंगचे १० बाहेर: ४,९४०
जळालेले ८ बाहेर: ३,९५२
२२ चं भंगार: १,३२०
उरले २,०७,१४८
रिवर्कचे १,३५० मिळवा: २,०८,४९८

भागिले ४००, पीस ५२१.२५. आधी मी ५२४.२० म्हटलं होतं, ते चुकीच्या दरावर आणि रिवर्क सोडून. पद्धत बदलली की त्याच दिवशी दरही बदलावा लागतो, नाहीतर पुस्तकं नीट दिसतात आणि भाव चुकतो.

सरळहिशोबी

म्हणजे रिपीटला ५२१.२५ वर मार्जिन लावून भाव द्यायचा.

मायक्रॉन

कशासाठी? ते २२ पुन्हा जाणार आहेत का? कारण सापडलंय ना.

खर्चपत्रक

मायक्रॉन यांच्याशी सहमत. झालेल्या जॉबची किंमत आणि पुढच्या जॉबचा अंदाज वेगळे. पुस्तकात ५२१.२५ राहू द्या. कोटेशनला ४९४ पासून सुरुवात करा आणि पीस थंड करून मोजल्यावर किती रिजेक्शन राहील तेवढंच धरा. मायक्रॉन, तुमचा अंदाज?

मायक्रॉन

मशीनची अवस्था बघितल्याशिवाय आकडा देणं धाडसाचं आहे. स्पिंडल आणि सेंटर ठीक असतील, एअर गेजला त्याच व्यासाची मास्टर डिस्क असेल आणि ती पीसच्याच ट्रेशेजारी ठेवत असतील, तर २ टक्के. म्हणजे ४०० ला ८. रिवर्क पण उतरेल, कारण ऑपरेटरला माप खरं दिसायला लागलं की तो पीस वर ठेवणार नाही. पण पहिले ५० पीस काढून बघा, मग बोला.

लेजरवाला

८ पीस, प्रत्येकी ४९४ वजा ६०, म्हणजे ४३४. एकूण ३,४७२, पीसमागे ८.६८. म्हणजे ५०२.६८ वर मार्जिन. मालक ५४४ च्या आकड्यावर बसलेत, त्यांना हे कसं सांगू?

फुकटसल्ला

पगार झाल्यावर सांगा.

खर्चपत्रक

५४४ मध्ये ते पार्टीकडून स्वतःच्या कूलंट पंपाचे पैसे मागताहेत, एवढं सांगा. पार्टीच्या खरेदी खात्याने फोड मागितली तर ती ओळ कुठल्या नावाखाली दाखवणार, ते त्यांनाच विचारा. उलट एच-५ साठी ८.६८ वेगळी ओळ म्हणून दाखवा आणि शेजारी लिहा: एच-६ चालत असेल तर ही ओळ कमी करू. १३ मायक्रॉन मिळाले तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. ड्रॉइंग काढणाऱ्याने एच-५ सवयीने टाकलेलं असू शकतं.

हिशोबीबाई

हे करून बघा. आमच्या पार्टीने दोन मापांना टॉलरन्स वाढवून दिला होता, फक्त कोणी विचारलंच नव्हतं.

जुनीवही

सगळं ठीक. पण ४९४ मध्ये सेटिंगचे १० पीस अजून ओव्हरहेडमध्येच आहेत. रिपीट ५० ची आली तर हा भाव द्याल का?

लेजरवाला

रिपीट २५० ची आहे, आत्ताच मेल आला. दोन लॉटमध्ये मागितलीय, १२५ आणि १२५.

जुनीवही

म्हणजे दोन सेटिंग. वीस पीस. आता सांगा खर्चपत्रक.

खर्चपत्रक

आता तुमच्या बाजूने थोडा सरकतो. लॉट पाडणं ही पार्टीची मागणी आहे, म्हणून दुसऱ्या सेटिंगचे दहा पीस या ऑर्डरमुळेच. ते जॉबवर घ्या, कोटेशनमध्येही दाखवा. पहिल्या सेटिंगचे ओव्हरहेडमध्येच.

जुनीवही

एका जॉबला दोन सेटिंग आणि दोन वेगळी खाती. असं अर्धवट मला पटत नाही.

मायक्रॉन

लेजरवाला, एकदम २५० ग्राइंड करून १२५ तेल लावून ठेवून दिले तर? सेटिंग एकच होईल. फक्त पहिल्या लॉटनंतर ड्रॉइंगचं रिव्हिजन आलं तर ठेवलेल्या मालाचं काय, ते ऑर्डरवर आधी लिहून घ्या.

लेजरवाला

मालकांना विचारतो. गंजाची जबाबदारी कोणाची, हे पण ते विचारणारच.